तीन वर्षांत चार हजारांची वाढ मिळाली, तरी पगार कमी झाला असं म्हणता येईल का? (वेतन करार आणि महागाई)

भोसरीकर

आमचा कारखाना वाहनांचे सुटे भाग बनवतो. कायम कामगार दीडशेच्या आत आहेत, युनियन छोटी आहे, आणि या वेळी कमिटीवर मी आहे. मागचा तीन वर्षांचा वेतन करार मार्च २०२५ ला संपला. आता नोव्हेंबर सुरू आहे, बोलणी अजून चालू आहेत.

मागचा करार असा होता: एकूण वाढ ४,००० रुपये. पहिल्या वर्षी २,०००, मग १,०००, मग १,०००. माझ्या श्रेणीतल्या माणसाचा पगार २०२१-२२ मध्ये ३०,००० होता, तो ३४,००० झाला. नव्या करारासाठी व्यवस्थापन ४,५०० म्हणतंय, हप्ते त्याच पद्धतीने, म्हणजे निम्मे पहिल्या वर्षी आणि उरलेले दोन समान भागांत. ‘मागच्यापेक्षा पाचशे जास्त देतोय’ हा त्यांचा मुद्दा.

आमच्यातली जुनी मंडळी म्हणतात की मागच्या करारातच आपण मागे गेलो. तरुण मुलं म्हणतात, पगारपत्रकावर आकडा वाढलेला दिसतोय, मागे कसे गेलो? मला हे बैठकीत आकड्यांनी मांडायचं आहे. कोणता आकडा धरायचा आणि हिशोब कसा करायचा, जाणकारांनी सांगावं.

अनिकेत_हिंजवडी

सोपं आहे दादा. ४,००० भागिले ३०,००० म्हणजे १३.३ टक्के, भागिले तीन म्हणजे वर्षाला साडेचार टक्के. महागाई साधारण पाच-सहा टक्के असते. म्हणजे थोडा तोटा झाला, पण फार नाही. आणि आता तर महागाई संपलीच आहे. ऑक्टोबर २०२५ चा किरकोळ महागाईचा दर ०.२५ टक्के आलाय. त्यामुळे या वेळी जे मिळेल ती सगळी खरी वाढ. ४,५०० घ्या आणि सही करा.

मोजपट्टी

भोसरीकर, सही करण्याआधी थोडं थांबा.

अनिकेत, तुझी दिशा बरोबर आहे, पण दोन ठिकाणी हिशोब निसटतो. मी बरीच वर्षं युनियनच्या कचेरीत करारांचे तक्ते केलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

देशाचा ग्राहक किंमत निर्देशांक सरासरीने २०२२-२३ मध्ये ६.७ टक्के, २०२३-२४ मध्ये ५.४ टक्के आणि २०२४-२५ मध्ये ४.६ टक्के वाढला. हे तीन आकडे बेरजेने जोडायचे नाहीत, एकावर एक चढवायचे, कारण दुसऱ्या वर्षीची वाढ आधीच वाढलेल्या भावांवर होते. १.०६७ गुणिले १.०५४ गुणिले १.०४६ केलं की १.१७६ येतात. म्हणजे २०२१-२२ मध्ये जो बाजार १०० रुपयांत व्हायचा, त्याला २०२४-२५ मध्ये साडेसतरा रुपये जास्त लागले.

आता ३०,००० च्या पगाराला तेवढंच सामान घेता यायचं असेल, तर दर वर्षी किती असायला हवा होता ते बघा.

पहिल्या वर्षी ३२,०१० हवे होते, मिळाले ३२,०००. फरक दहा रुपयांचा, म्हणून कुणाला काही जाणवलं नाही.
दुसऱ्या वर्षी ३३,७३९ हवे होते, मिळाले ३३,०००. महिन्याला ७३९ कमी.
तिसऱ्या वर्षी ३५,२९० हवे होते, मिळाले ३४,०००. महिन्याला १,२९० कमी.

तीन वर्षांची मिळून तूट साधारण साडेचोवीस हजार. आणि शेवटच्या वर्षीचे ३४,००० रुपये २०२१-२२ च्या भावात मोजले तर २८,९०० च्या आसपास येतात. कागदावर चार हजार वाढले, बाजारात अकराशे कमी झाले. तुमची तरुण मुलं बघतात तो कागदावरचा पगार, जुनी मंडळी सांगतायत तो खरा पगार. दोघांचंही डोळ्यांना दिसलेलं बरोबर आहे.

मृण्मयी_स

मी नीट समजून घेतेय. खरा पगार म्हणजे हातात येणारा पगार ना? माझंही तसंच झालंय. एप्रिलमध्ये ९ टक्के वाढ झाली असं पत्र आलं, पण कंपनीने भविष्य निर्वाह निधीचा आणि ग्रॅच्युइटीचा भाग पॅकेजमध्येच धरला आणि वार्षिक बोनसचा भागही वाढवला. महिन्याला खात्यात जमा होणारी रक्कम जेमतेम ३ टक्क्यांनी वाढली.

मोजपट्टी

मृण्मयीताई, तुमचा प्रश्न वेगळा आहे, पण महत्त्वाचा आहे. पॅकेजमधून हातात किती येतं हा एक टप्पा. त्या हातातल्या पैशांत बाजारात काय येतं हा दुसरा. या धाग्यात आपण दुसऱ्याबद्दल बोलतोय. तुमच्या बाबतीत दोन्हीकडून झीज झाली. हिशोब करताना खात्यात येणाऱ्या ३ टक्क्यांपासून सुरुवात करा आणि निधीत जाणारी वाढ वेगळी मांडा. ती तुमचीच आहे, पण तिच्यातून या महिन्याचा किराणा येत नाही.

अनिकेत_हिंजवडी

पटलं. पण माझा दुसरा मुद्दा राहिला. महागाई आता शून्याच्या जवळ आहे, मग पुढच्या करारात तूट कशी राहील?

मोजपट्टी

महागाईचा दर खाली आला म्हणजे भाव खाली आले असं होत नाही. भाव वाढायचे थांबले, एवढंच. ०.२५ टक्के म्हणजे गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरच्या तुलनेत भाव जवळपास तिथेच आहेत. २०२२ पासून जे साडेसतरा टक्के चढले ते चढलेलेच राहिले. उद्यापासून महागाई अगदी शून्य राहिली, तरी भोसरीकरांची महिना १,२९० ची तूट दर महिन्याला तशीच्या तशी येत राहील.

शिवाय हा आकडा इतका खाली आला त्यात भाजीपाला आणि डाळींचा मोठा वाटा आहे. गेल्या वर्षी याच सुमारास टोमॅटो-कांद्याचे भाव चढलेले होते, त्यामुळे तुलना उंच आकड्याशी झाली. हा परिणाम पुढच्या वर्षी उलटू शकतो.

म्हणून भोसरीकर, बैठकीत पहिलं वाक्य हे असू द्या: नव्या कराराची मोजणी ३४,००० पासून सुरू होणार नाही, ३५,२९० पासून होईल. व्यवस्थापन जे ४,५०० देतंय त्यातले पहिले १,२९० जुनी भरपाई आहेत. नवीन काही मिळतं ते त्याच्या पुढे.

लालबागचा_नातू

आमच्या घरात हा विषय तीन पिढ्यांचा आहे. आजोबा गिरणीत होते. गिरणी कामगारांचा महागाई भत्ता मुंबईच्या निर्देशांकाला बांधलेला असायचा, त्यामुळे निर्देशांकाचा आकडा हा घरातल्या चुलीचा प्रश्न होता. निर्देशांक खऱ्या भाववाढीच्या मागे राहतोय, मोजणीच सदोष आहे, अशी कामगारांची तक्रार होती. त्यावरून ऑगस्ट १९६३ मध्ये मुंबई बंद झाली आणि राज्य सरकारला लकडावाला समिती नेमावी लागली. समितीने निर्देशांकात दुरुस्ती सुचवली. निर्देशांकाच्या मोजणीवरून एवढं शहर रस्त्यावर उतरलं होतं हे आजच्या मुलांना माहीत असायला हवं.

त्यामुळे माझा प्रश्न असा की सरकारी निर्देशांकावर विश्वास ठेवायचा तरी किती? माझ्या मुलीच्या शाळेची फी दर वर्षी १० टक्के वाढते. घरभाडं अकरा महिन्यांचा करार संपला की वाढतंच. मग ४.६ टक्के कुठून आले?

मोजपट्टी

निर्देशांक सगळ्यांच्या खर्चाची सरासरी काढतो. त्यात ज्यांना शाळेची फी नाही ते आहेत, गावात स्वतःच्या घरात राहणारे आहेत. देशाच्या ग्राहक किंमत निर्देशांकाच्या २०१२ पायाभूत वर्षाच्या मालिकेत खाण्यापिण्याचा वाटा जवळपास ४६ टक्के आहे. तुमच्या घरात तो कदाचित ३० असेल आणि भाडं-फी मिळून ४० असेल. मग भाज्या स्वस्त झाल्याने निर्देशांक जेवढा खाली येतो तेवढा तुमचा खर्च खाली येत नाही.

वेतनाच्या बोलणीत म्हणूनच लेबर ब्युरोचा औद्योगिक कामगारांसाठीचा निर्देशांक वापरतात. त्याचं पायाभूत वर्ष २०१६ आहे, तो देशातल्या ८८ केंद्रांवरून निघतो आणि पुणे त्यातलं एक केंद्र आहे. त्यात खाण्यापिण्याचा वाटा ३९ टक्क्यांच्या आसपास आणि घराचा सुमारे १७ टक्के आहे. कामगाराच्या खर्चाशी तो जास्त जुळतो. तरीही भाड्याची आकडेवारी सहा महिन्यांनी अद्ययावत होते, त्यामुळे भाडी झपाट्याने वाढली की तो थोडा मागे राहतो.

वर मी देशाचे सर्वसाधारण आकडे घेतले, कारण ते दोन्ही बाजू निमूट मान्य करतात. करारात लिहिताना मात्र औद्योगिक कामगारांचाच धरा.

तपकिरी_फाईल

आम्ही केंद्र सरकारी. आमच्याकडे हा प्रश्न महागाई भत्त्याने सुटतो असं सगळ्यांना वाटतं, आणि बऱ्याच अंशी सुटतोही. पण तिथेही फटी आहेत.

सूत्र असं आहे: बारा महिन्यांच्या निर्देशांकाची सरासरी, तिला २.८८ ने गुणून जुन्या २००१ च्या मालिकेत न्यायची, त्यातून २६१.४२ वजा करायचे आणि २६१.४२ नेच भागायचं. २०२४ ची सरासरी १४१.५८ होती. हिशोब केला तर ५५.९८ टक्के येतात. अपूर्णांक सोडून देतात, म्हणून जानेवारी २०२५ पासून भत्ता ५५ टक्के झाला. जवळजवळ पूर्ण एक टक्का सहा महिने हातात आला नाही.

मोठा फटका कोविडच्या काळात बसला. जानेवारी २०२० पासून जून २०२१ पर्यंत भत्ता १७ टक्क्यांवर गोठवला. जुलै २०२१ पासून एकदम २८ केला, पण मधल्या अठरा महिन्यांची थकबाकी दिली नाही. मूळ वेतन ४०,००० असेल तर पहिल्या सहामाहीत ४ टक्के, दुसरीत ७ आणि तिसरीत ११ टक्के बुडाले. बेरीज ५२,८०० होते. मूळ वेतनातला एक रुपया कुणी कापला नाही, कपातीचं वेगळं पत्र निघालं नाही, आणि तरीही दीड वर्ष पगार कमी होत गेला.

सुमनताई_इचलकरंजी

माझे मिस्टर सूतगिरणीत होते. त्यांना भविष्य निर्वाह निधीच्या १९९५ च्या योजनेतली पेन्शन मिळते, महिना हजार रुपये. सप्टेंबर २०१४ पासून किमान पेन्शन हजार आहे, त्यानंतर एकदाही वाढ नाही. तुमच्यासारखं गणित मला येत नाही. त्या हजाराचं आज काय झालं हे कुणी सांगेल का?

मोजपट्टी

सुमनताई, २०१४ च्या भावात मोजलं तर आजचे हजार म्हणजे तेव्हाचे जेमतेम सहाशे-सव्वासहाशे. पगार नाही, पेन्शन आहे, पण नियम तोच. रक्कम गोठवली की तिची किंमत दर वर्षी आपोआप कमी होते, त्यासाठी वेगळा निर्णय घ्यावा लागत नाही. या पेन्शनला महागाई भत्ता जोडा ही पेन्शनधारकांची मागणी त्यामुळेच रास्त आहे.

लेथमालक

मालकाची बाजूही ऐका. माझं युनिट लहान आहे, बावीस कामगार. मोठी वाहन कंपनी दर वर्षी आमच्याकडून सुट्या भागाचा दर कमी करून मागते. स्टीलचा भाव वाढला तर तो कागदोपत्री भरून देतात, पण मजुरी वाढली म्हणून कोणी दर वाढवून दिलेला मी पाहिलेला नाही. २०२२-२३ मध्ये मी ५ टक्के दिले. ६.७ द्यायला हवे होते हे मला माहीत होतं. पण तसं केलं असतं तर दोन माणसं कमी करावी लागली असती.

आणि एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो. ज्या वर्षी धंदा खरंच बसतो, त्या वर्षी मी कुणाला ‘पगार ३ टक्के कमी करतो’ असं म्हणू शकत नाही. दुसऱ्या दिवशी चांगला माणूस सोडून जाईल. महागाई ७ टक्के असताना ४ टक्के वाढ दिली तर कुणी जात नाही. परिणाम तोच असतो.

लालबागचा_नातू

लेथमालक, तुम्ही खरं बोललात, त्याबद्दल मान आहे. पण कामगाराच्या बाजूने हेच सगळ्यात जास्त खुपतं. उघड कपात असती तर माणूस भांडला असता. इथे पेढे वाटून तो घरी जातो आणि कपात सहन करतो. धंदा बसला असेल तर ताळेबंद दाखवा, कमिटी ऐकेल. वाढीच्या नावाखाली नको.

लेथमालक

बावीस माणसांच्या युनिटमध्ये ताळेबंद कुणाला आणि कसा दाखवायचा, हे तितकं सोपं नाही. पण तुमचं म्हणणं चुकीचं आहे असंही मी म्हणणार नाही.

भोसरीकर

सगळ्यांचे आभार. रात्री बसून मोजपट्टी साहेबांच्या पद्धतीने नव्या प्रस्तावाचा तक्ता केला. महागाई पहिल्या वर्षी २, मग ४ आणि ४ टक्के धरली. रिझर्व्ह बँकेचं लक्ष्य ४ आहे म्हणून.

पगार किती हवा: ३५,९९६, मग ३७,४३६, मग ३८,९३३.
प्रस्तावात किती: ३६,२५०, मग ३७,३७५, मग ३८,५००.

म्हणजे पहिल्या वर्षी अडीचशे वर, दुसऱ्या वर्षी साठ खाली, तिसऱ्या वर्षी ४३३ खाली. पुन्हा तोच नमुना. हे बरोबर आहे का?

मोजपट्टी

अगदी बरोबर. आता यात एक गोष्ट हलवून बघा. एकूण रक्कम ४,५०० च ठेवा, पण हप्ते ७०, १५, १५ टक्के करा. मग पगार ३७,१५०, ३७,८२५ आणि ३८,५०० होतो. शेवटचा आकडा तोच, पण तीन वर्षांत प्रत्येक कामगाराच्या हातात १६,२०० रुपये जास्त पडतात. नुसत्या रकमेवर भांडणाऱ्या कमिट्या हा मुद्दा सोडून देतात. व्यवस्थापन ‘पाचशे जास्त’ म्हणतंय, पण हप्त्यांची मांडणी त्या पाचशेपेक्षा महत्त्वाची आहे.

तसंच, करार एप्रिलपासून लागू होणार असेल तर थकबाकी कधी मिळणार ते तारखेसकट लिहून घ्या. सात-आठ महिने उशिरा आलेले पैसे आधीच थोडे झिजलेले असतात, त्यावर व्याज कुणी देत नाही.

पण तुमचे २, ४, ४ हे अंदाज आहेत. २०२२ च्या सुरुवातीला कुणाला विचारलं असतं तर ६.७ कुणी सांगितले नसते. ही जोखीम कुणी घ्यायची, हाच खरा वाद आहे. रुपयांत ठरलेल्या वाढीत ती सगळी कामगाराकडे जाते. ती वाटून घ्यायची असेल तर करारात बदलता महागाई भत्ता मागा, निर्देशांकाच्या प्रत्येक अंकामागे अमुक रुपये.

अनिकेत_हिंजवडी

अंकामागे किती रुपये मागायचे हे कसं ठरवणार?

मोजपट्टी

पगार भागिले निर्देशांक. औद्योगिक कामगारांचा निर्देशांक सध्या १४७ च्या आसपास आहे. ३४,००० भागिले १४७ म्हणजे एका अंकाला २३१ रुपये. एवढे मिळाले तर भरपाई पूर्ण. व्यवस्थापन १०० रुपये म्हणालं तर भरपाई साधारण ४३ टक्के. तेही काहीच नसण्यापेक्षा बरं, पण ते किती टक्के आहे हे माहीत असताना घ्या.

तपकिरी_फाईल

अर्धी भरपाई ही आमच्याकडेही जुनी गोष्ट. चौथ्या वेतन आयोगाच्या काळात खालच्या पगाराला पूर्ण भत्ता मिळायचा, वरच्या टप्प्यांना ७५ आणि ६५ टक्के. पाचव्या आयोगापासून सगळ्यांना पूर्ण झाला.

लेथमालक

२३१ कुठलाच मध्यम कारखाना मान्य करणार नाही. एका वर्षात निर्देशांक आठ-नऊ अंक चढला तर मालकाला आधी हिशोबच लागत नाही. कमाल मर्यादा असेल तर विचार करता येतो.

मोजपट्टी

मर्यादा घालायची तर ती कुठे, यावर माझं आणि तुमचं एकमत होणार नाही. महागाई भडकते तेव्हाच भत्त्याची गरज असते, आणि मर्यादा नेमकी तिथेच आड येते. मी तरी ती मान्य करू नका असंच सांगेन. अगदीच अडलं तर मर्यादेच्या वरची रक्कम पुढच्या वर्षी पुढे ओढायची, बुडवायची नाही, असं लिहून घ्या.

भोसरीकर

मंगळवारी बैठक आहे. तीन गोष्टी मांडतोय: मोजणी ३५,२९० पासून, हप्ते ७०, १५, १५, आणि अंकामागे १५० रुपयांपासून बोलणी. पुण्याचा निर्देशांक घ्यायचा की देशाचा, यावर कमिटीत अजून दोन मतं आहेत. पुण्यातली भाडी बघता पुण्याचाच घ्यावा असं माझं मत.

मोजपट्टी

एका केंद्राचा आकडा देशाच्या आकड्यापेक्षा जास्त वरखाली होतो, एखाद्या महिन्यात उतरतोही. तो धरलात तर तीन किंवा सहा महिन्यांची सरासरी लिहा. आणि कलमात ‘निर्देशांक’ एवढाच शब्द ठेवू नका. मालिकेचं पायाभूत वर्ष २०१६ असं लिहा आणि मालिका बदलली तर अंकामागचा दर जोडगुणकाने वाढेल हेही लिहा. २००१ ची मालिका जाऊन २०१६ ची आली तेव्हा देशाच्या आकड्यात नवा एक अंक जुन्या २.८८ अंकांएवढा झाला. ज्यांच्या करारात जुनाच दर तसाच राहिला, त्यांचा भत्ता एका रात्रीत जवळपास तिसऱ्या हिश्श्यावर आला असता. तुमचा जुना करार असेल तर बैठकीआधी त्यातलं हे कलम काढून वाचा.